फिजिक्स टेस्ट सिरीजच्या मॉडेल आन्सरमध्ये मायक्रोस्कोप-टेलिस्कोपची उत्तरं चुकीची, मुलांचे कापलेले मार्क परत द्या

प्रति,
कस्टमर केअर आणि कन्टेन्ट विभाग

विषय: ऑप्टिकल इन्स्ट्रुमेंट्सच्या टेस्टमधली चुकीची मॉडेल आन्सर आणि चुकीची पेपर तपासणी

नमस्कार,

मी सोलापुरात जुळे सोलापूर भागात घरीच अकरावी-बारावी सायन्सच्या मुलांची फिजिक्सची ट्यूशन घेते. तुमची टेस्ट सिरीज माझ्या सांगण्यावरूनच मुलांनी घेतली, त्यात काहींच्या घरी वडील यंत्रमागावर आणि आई विड्या वळते, तरी त्यांनी पैसे भरले, म्हणून हे पत्र मी मुलांच्या वतीनेच लिहितेय असं समजा. ऑप्टिकल इन्स्ट्रुमेंट्सची टेस्ट नेमकी गड्ड्याची जत्रा चालू असताना होती, पोरं जत्रा सोडून पेपर लिहायला बसली, पेपर स्कॅन करून तुमच्याकडे पाठवले आणि तपासून आले ते बघून मला खरंच राग आला. बरोबर लिहिलेल्या उत्तरांवर लाल रेघ आणि शेजारी चुकीचं उत्तर.

आधी मायक्रोस्कोपचं गणित घ्या. तुमचा प्रश्न असा होता की ऑब्जेक्टिव्हची फोकल लेंथ १ सेमी, आयपीसची ५ सेमी, दोन लेन्समधलं अंतर १५ सेमी, शेवटची इमेज इन्फिनिटीला आहे तर मॅग्निफाइंग पॉवर किती, D २५ सेमी धरा. माझ्या एका विद्यार्थिनीने सगळ्या स्टेप्स दाखवून ४५ आणलं. तुमच्या तपासणाऱ्यांनी ते गोल करून बाजूला ७५ लिहिलं आणि पूर्ण मार्क कापले. मॉडेल आन्सर उघडलं तर तिथे फक्त M = (L/fo) × (D/fe) हा फॉर्म्युला आणि L च्या जागी सरळ १५, म्हणजे १५ गुणिले ५, झालं ७५.

अहो पण या फॉर्म्युल्यातला L म्हणजे दोन लेन्समधलं अंतर नाहीच! एनसीईआरटीच्या पुस्तकात ट्यूब लेंथची व्याख्या स्पष्ट दिलीय, ऑब्जेक्टिव्हच्या पलीकडच्या फोकसपासून आयपीसच्या अलीकडच्या फोकसपर्यंतचं अंतर ते L. म्हणजे इथे १५ मधून १ आणि ५ वजा करायचे, L येतो ९ सेमी, आणि ९ गुणिले ५ म्हणजे ४५. फॉर्म्युल्यावर भरवसा नसेल तर किरणांनी करून बघा की. शेवटची इमेज इन्फिनिटीला हवी म्हणजे ऑब्जेक्टिव्हने बनवलेली इमेज बरोबर आयपीसच्या फोकसवर पडली पाहिजे, म्हणजे ती आयपीसपासून ५ सेमीवर आणि ऑब्जेक्टिव्हपासून १० सेमीवर. आता लेन्स फॉर्म्युला लावला की ऑब्जेक्ट येतो १.११ सेमीवर, म्हणजे ऑब्जेक्टिव्हने केलेलं मॅग्निफिकेशन १० भागिले १.११, म्हणजे ९. आयपीस त्याचं ५ पट करतो. ४५ च येतं, दुसरं काही येऊच शकत नाही.

यावर मी तुमच्या कस्टमर केअरला मेल केला तर उत्तर आलं की 'अंदाजे फॉर्म्युला वापरताना L म्हणून लेन्समधलं अंतर चालतं'. चालतं, पण कधी ते बघा. दोन्ही फोकल लेंथ ट्यूबच्या मानाने अगदीच छोट्या असतील तेव्हा. इथे १५ मधले ६ सेमी फोकल लेंथमध्येच जातायत, उत्तर ४५ चं ७५ होतंय, याला अंदाजे कसं म्हणायचं? आणि कॉलेजच्या लॅबमधला साधा मायक्रोस्कोप घेतला तरी हा हिशोब दिसतो, ज्या ऑब्जेक्टिव्हवर 40× कोरलेलं असतं त्याची फोकल लेंथ साधारण ४ मिमी, आणि L १६० मिमी धरला की १६० भागिले ४ बरोबर ४० येतं. या हिशोबात तो १६० दोन फोकसमधलं अंतर म्हणूनच धरलाय, लेन्समधलं पूर्ण अंतर घातलं असतं तर आकडा वेगळाच आला असता.

याच प्रश्नाचा दुसरा भाग होता की शेवटची इमेज २५ सेमीवर, नियर पॉइंटला घेतली तर काय. तुम्ही फक्त D/fe च्या जागी 1 + D/fe घातलं आणि १५ गुणिले ६ म्हणजे ९० छापलं. इथे तर किरणांचा विचारच केलेला नाही, कारण इमेज नियर पॉइंटला आणायची तर पहिली इमेज आयपीसच्या फोकसच्या आत सरकते, ५ वरून ४.१७ सेमीवर येते. लेन्समधलं अंतर १५ च ठेवलं तर ऑब्जेक्टिव्हपासून ती १०.८३ सेमीवर, ऑब्जेक्टिव्हचं मॅग्निफिकेशन ९.८३, त्याला ६ ने गुणलं की ५९. आणि ऑब्जेक्ट १.११ वरून १.१० सेमीवर यायला हवा, म्हणजे सगळा फरक सुमारे एक दशांश मिलिमीटरचा. मायक्रोस्कोपला बारीक फोकसचा वेगळा स्क्रू का असतो ते मुलांना या एका आकड्यावरून कळतं, मी वर्गात हेच सांगते, आणि तुमचं मॉडेल आन्सर तीच पायरी गाळून ९० वर जातं.

आता आकृती. नियर पॉइंटच्या आकृतीत तुम्ही पहिली इमेज आयपीसच्या फोकसच्या बाहेर काढलीय आणि तरीही मागे मोठी व्हर्च्युअल इमेज दाखवलीय. हे होणारच नाही. पट्टी घेऊन बघा, ५ सेमीच्या आयपीसपासून इमेज ६ सेमीवर ठेवली तर किरण पलीकडे जाऊन ३० सेमीवर एकत्र येतात, तिथे रियल इमेज पडते, म्हणजे डोळा लावला तर ती डोळ्याच्याही मागे. व्हर्च्युअल हवी असेल तर पहिली इमेज फोकसच्या आतच पाहिजे. मग तिच्या टोकापासून एक किरण आयपीसच्या मध्यातून सरळ, दुसरा अक्षाला समांतर जाऊन पलीकडच्या फोकसमधून, हे दोन्ही पसरत जातात, त्यांना तुटक रेघांनी मागे वाढवलं की २५ सेमीवर भेटतात. माझ्या मुलांनी हे असंच काढलंय, काहींनी तर स्केलसकट, आणि त्यांच्या पेपरवर 'आकृती मॉडेलप्रमाणे नाही' असा शेरा आहे. आणखी एक, तुम्ही शेवटची इमेज सुलट लिहिलीय. पहिली इमेज उलटी होते, आयपीस तिला आहे तशीच मोठी करतो, त्यामुळे मूळ ऑब्जेक्टच्या तुलनेत शेवटची उलटीच राहते.

टेलिस्कोपच्या प्रश्नात फोकल लेंथ १०० आणि ५ सेमी होत्या. नॉर्मल अ‍ॅडजस्टमेंटला पॉवर २० आणि लांबी १०५ सेमी, हे तुमचं बरोबर आहे. नियर पॉइंटला पॉवर २४, तेही बरोबर. पण लांबी तिथेही १०५ च छापलीय. पहिली इमेज ऑब्जेक्टिव्हपासून १०० सेमीवरच पडणार, पण आयपीस तिच्यापासून ४.१७ सेमीवर आणावा लागणार, म्हणून लांबी १०४.१७. आयपीस आत सरकवल्याशिवाय २४ मिळतच नाही, तरी ज्या मुलाने १०४.१७ लिहिलं त्याचा मार्क गेला.

पण माझा सगळ्यात मोठा आक्षेप टेलिस्कोपच्या रे डायग्रामवर आहे, कारण ही चूक मुलं पाहून पाठ करतात आणि मग ती निघत नाही. तुम्ही लांबून येणारे किरण अक्षाला समांतर काढलेत आणि फोकसवर खाली लोंबणारा बाण दाखवलाय. अक्षाला समांतर आलेले किरण फोकसवर अक्षावरच एका बिंदूत मिळतात, तिथे उंचीची इमेज बनत नाही, तो बाण कुठल्याच किरणाने बनलेला नाही. आणि मॅग्निफाइंग पॉवर म्हणजे दोन कोनांचं गुणोत्तर, आत येताना अल्फा, डोळ्याशी बीटा, तुमच्या आकृतीत दोन्ही शून्य आहेत. बरोबर आकृतीत किरण एकमेकांना समांतर असतात पण अक्षाशी अल्फा कोनात तिरके. चंद्राचंच घ्या, तो आकाशात साधारण अर्ध्या अंशाचा दिसतो. टेलिस्कोप त्याच्या खालच्या कडेवर रोखला तर ती कड अक्षावर येते आणि वरच्या कडेचे किरण अर्धा अंश तिरके येतात. १०० सेमीच्या ऑब्जेक्टिव्हच्या मध्यातून जो किरण सरळ जातो तो फोकल प्लेनवर अक्षापासून सुमारे ९ मिमी खाली पोचतो, वरच्या कडेचे बाकीचे किरणही तिथेच येऊन मिळतात, हीच ती पहिली इमेज. नॉर्मल अ‍ॅडजस्टमेंटला ती आयपीसच्याही फोकसवर असते म्हणून किरण पुन्हा समांतर होऊन बाहेर पडतात, फक्त आता २० पट जास्त तिरके, चंद्र दहाएक अंशाचा दिसतो. हे एकदा वहीत काढलं की fo/fe कुठून आलं ते मुलाला विचारावं लागत नाही.

एक छोटी गोष्ट आणखी, ऑब्जेक्टिव्ह मोठा का ठेवतात याला तुम्ही 'मॅग्निफाइंग पॉवर वाढवण्यासाठी' हे उत्तर बरोबर धरलंय. पॉवरमध्ये व्यास येतच नाही, फक्त फोकल लेंथ येतात. मोठा व्यास जास्त प्रकाश गोळा करायला आणि जवळजवळचे दोन तारे वेगळे दिसायला.

माझ्या मागण्या सरळ आहेत. मॉडेल आन्सर दुरुस्त करा, ज्यांनी ज्यांनी ही सिरीज घेतलीय त्या सगळ्यांना दुरुस्ती पाठवा, नुसतं मला एकटीला पीडीएफ पाठवून चालणार नाही. या प्रश्नांचे पेपर फिजिक्स येणाऱ्या माणसाकडून पुन्हा तपासून घ्या आणि कापलेले मार्क लावा, कारण तुमच्या रँक लिस्टवर मुलं खचून जातात, ४५ आणणारी माझी पोरगी आता स्वतःच्या बरोबर उत्तरावर शंका घेतेय. ज्यांना सिरीज पुढे नको असेल त्यांना उरलेल्या टेस्टचे पैसे परत द्या. १५ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर मी ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवणार आणि गरज पडली तर सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. पावत्या, तपासलेले पेपर आणि माझी स्टेपवार सोडवलेली उत्तरं सोबत जोडली आहेत, तुमच्या फिजिक्सच्या सरांना किंवा मॅडमना ती दाखवा, फोनवर बोलायचं असेल तर संध्याकाळी सातनंतर बोलूया कारण त्याआधी माझा क्लास चालू असतो.

आपली,
एक ग्राहक आणि फिजिक्स शिक्षिका
जुळे सोलापूर, सोलापूर