पिशवी बरोबर, नमुना मात्र दुसऱ्याचा: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री, गोवा राज्य, यांस

सादर नमस्कार.

वॉर्डात परिचारिका म्हणून नोकरी करून मी निवृत्त झाले आहे. हे पत्र एकाच गोष्टीसाठी आहे: रक्त चढवण्याआधी तपासणीसाठी घेतलेल्या नमुन्याची अदलाबदल.

रुग्णाच्या मनगटावर ओळखपट्टा बांधायचा आणि औषध, रक्त किंवा शस्त्रक्रियेआधी दोन खुणा जुळवायच्या, हा नियम आता नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलींनाही पाठ असतो. पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक जुळवायचा. खाटेचा क्रमांक ही ओळख नव्हे. रक्त चढवताना तर दोन सिस्टर खाटेपाशी उभ्या राहून पिशवी, फॉर्म आणि पट्टा मोठ्याने वाचून जुळवतात. तरीही आपण कडी लावतो ती शेवटच्या दाराला. चूक त्याआधी नमुना घेतानाही शिरते, आणि तिथे पट्ट्याकडे पाहण्याची सक्ती सर्वांत ढिली असते.

समजा, स्त्री-शल्य वॉर्डात सत्तरीची एक शांती गवस ७ नंबरच्या खाटेवर आहे. उद्या शस्त्रक्रिया, हिमोग्लोबिन ७, रक्तगट ओ. दुपारी शेजारच्या बाईला ऑक्सिजन लागला म्हणून दोघींच्या खाटा बदलल्या. शेजारची दोडामार्गची, तीही गवसच, रक्तगट ए. रात्री इंटर्नला निरोप मिळतो, "७ नंबरचं क्रॉसमॅच पाठव," म्हणजे पिशवीतल्या रक्ताशी जुळवून पाहायला शांतीच्या रक्ताचा नमुना. तो काउंटरवर बसून ट्यूबवर फॉर्मप्रमाणे शांतीचे नाव लिहितो, खाटेपाशी येतो आणि विचारतो, "गवस ना तुम्ही?" बाई अर्धवट झोपेत "होय" म्हणते. डॉक्टरांसमोर आपली माणसे कशालाही होय म्हणतात. ट्यूब भरते आणि जाते.

आता पुढे काय होते पाहा. रक्तपेढी गट तपासते, ए निघतो. ए गटाची पिशवी घेऊन क्रॉसमॅच करते, तेही जुळते, कारण ट्यूबमधले रक्त खरोखरच ए आहे. पिशवीवर शांतीचे नाव, तिचाच क्रमांक. सकाळी दोन सिस्टर पिशवी, फॉर्म आणि शांतीच्या हातावरचा पट्टा वाचतात. सगळे अक्षरशः जुळते. नियम पूर्ण पाळला गेला आणि ओ गटाच्या बाईला ए गटाचे रक्त सुरू झाले.

ओ गटाच्या शरीरात ए विरुद्धची प्रतिद्रव्ये आधीच तयार असतात. पहिल्या काही मिनिटांतच तांबड्या पेशी फुटायला लागतात. थंडी वाजून ताप, कंबरेत कळ, सुई लावलेल्या हातात आग, गडद लाल लघवी, रक्तदाब खाली. ५० मिलिलिटरपेक्षा कमी रक्तही जिवावर बेतल्याची उदाहरणे आहेत. म्हणूनच पहिली १५ मिनिटे रुग्णापाशी थांबायचे असते. पण बाई भुलेखाली असेल तर ती ना कंबर दुखते म्हणणार, ना अंग कापते. कारण न कळता रक्तदाब घसरणे, जखमेतून झिरपत राहणे आणि लघवीच्या पिशवीचा रंग एवढ्यावरूनच ओळखायचे.

नमुना एकाचा आणि नाव दुसऱ्याचे, हे किती वेळा घडते? २००३ साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांतल्या इस्पितळांच्या पाहणीत सुमारे २,००० नमुन्यांमागे १, असे प्रमाण निघाले होते. त्यातले बरेचसे नमुने योगायोगाने त्याच गटाचे निघतात आणि म्हणून कुणाला कळतही नाही. आपल्याकडे राष्ट्रीय हिमोव्हिजिलन्स कार्यक्रम डिसेंबर २०१२ पासून आहे, पण तिथे प्रतिक्रिया आल्यावर नोंद होते. वेळेवर पकडलेला चुकीचा नमुना वॉर्डातल्या कुठल्या वहीत लिहिला जातो, ते मला आजवर दिसलेले नाही.

गोव्यात तर नावावर विसंबणे जास्तच धोक्याचे. एका वॉर्डात तीन नाईक आणि दोन फर्नांडिस असणे रोजचेच. लग्नानंतर नाव बदललेल्या आमच्या बायकांची कागदपत्रे एका नावाची, आधार दुसऱ्या नावाचे आणि घरची हाक तिसरीच. कित्येक वृद्धांच्या आधारवर जन्मतारीख १ जानेवारी. म्हणून नाव विचारायचे ते रुग्णाच्या तोंडून, "तुमचं पूर्ण नाव सांगा" असे. आणि पक्की जुळवाजुळव नोंदणी क्रमांकाची, तीही हातावरच्या पट्ट्याशी. सलाइनसाठी कापून फाइलला चिकटवलेला पट्टा म्हणजे पट्टा नसणेच. ज्याने कापला त्यानेच दुसऱ्या हाताला नवा बांधला पाहिजे. शाईने लिहिलेली अक्षरे घामाने आणि स्पिरिटने पुसतात, पावसाळ्यात तर लवकरच. एवढ्यापुरता छापील पट्टा हवा. बारकोडचे यंत्र आणलेत तर त्याचे स्वागतच आहे, पण सगळ्यांची स्टिकर्स काउंटरवर एकगठ्ठा छापून ठेवली तर यंत्रही तीच चूक जरा वेगाने करील.

माझी मागणी दोन ओळींच्या परिपत्रकाची आहे. पहिली ओळ: क्रॉसमॅचच्या ट्यूबवर नाव, क्रमांक, वेळ आणि सही रक्त काढल्यानंतर, खाटेपाशीच, पट्टा पाहून हाताने लिहावी; आणि ट्यूब व फॉर्म यांत एका अंकाचाही फरक असेल तर रक्तपेढीने नमुना परत करावा. फोनवरून "दुरुस्त करून घ्या हो" चालणार नाही, सांगणारा प्राध्यापक असला तरी.

दुसरी ओळ: ज्या रुग्णाचा गट रक्तपेढीत आधी नोंदलेला नाही, त्याचा दुसऱ्या वेळी, शक्यतो दुसऱ्या माणसाने घेतलेला नमुना तपासल्याशिवाय त्याच्या गटाचे रक्त देऊ नये. ब्रिटनमध्ये २०१२ पासून अशी मार्गदर्शक सूचना आहे. जीव धोक्यात असेल तर थांबायचे नाही. तोवर ओ गटाच्या तांबड्या पेशी द्यायच्या. ओ गटाचा साठा मर्यादित असतो, हे ठाऊक आहे. म्हणून सुरुवात ठरवून होणाऱ्या शस्त्रक्रियांपासून करावी. त्यांचे रक्त ओपीडीत एकदा आणि भरती झाल्यावर पुन्हा घेतलेच जाते, जादा टोचणेही नको.

यात एक पळवाट आहे आणि ती मला आत्ताच दिसते. कामाच्या घाईत एकाच वेळी दोन ट्यूब भरायच्या आणि वेळा वेगवेगळ्या लिहायच्या. त्यावर उपाय म्हणजे दुसऱ्या नमुन्याची वेगळ्या रंगाच्या झाकणाची ट्यूब वॉर्डात ठेवूच नये. पहिला नमुना पोचल्यावर रक्तपेढीनेच ती द्यावी.

आणि दोन नमुन्यांचे गट जुळले नाहीत तर? तिसरा घ्यावा हे उघड आहे, पण तेवढ्यावर थांबू नये. शांतीच्या ट्यूबमध्ये कुणाचे तरी रक्त गेले, तसे दुसऱ्या कुणाच्या ट्यूबमध्ये शांतीचे गेले असू शकते. त्याच तासात त्या वॉर्डातून आलेला प्रत्येक नमुना थांबवून पुन्हा घ्यावा लागतो. असे प्रसंग आणि परत केलेले नमुने यांची संख्या गोवा मेडिकल कॉलेज, म्हापसा आणि मडगावची जिल्हा इस्पितळे व फोंड्याचे उपजिल्हा इस्पितळ यांनी दर तीन महिन्यांनी आपल्याकडे पाठवावी. त्यावर इंटर्नला मेमो देऊ नये ही विनंती, नाहीतर पुढच्या तिमाहीत आकडा शून्य येईल.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका, फोंडा