बाबांच्या फुलपात्रात नेमकं पाणी किती?

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, डॉक्टरांनी पाणी, चहा, पेज, सोलकढी सगळं धरून दिवसाला १२०० मिली सांगितलंय. आई फोनवर म्हणाली, "सहा फुलपात्रं झाली की बस." म्हणजे फुलपात्र २०० मिलीचं धरलंत. पण आपली फुलपात्रं घेताना मिली कोणी बघितलं होतं?

आई, तू मला दिलेलं जोडीतलं फुलपात्र मी काट्यावर ठेवलं. रिकामं ९२ ग्रॅम. काठोकाठ भरल्यावर ३३८. फरक २४६ ग्रॅम, आणि पाण्याचा ग्रॅम म्हणजे जवळपास मिलीच, म्हणजे २४६ मिली. अशी सहा झाली तर १४७६. एक अख्खं फुलपात्र जास्त! मग करंगळीच्या जाडीएवढं, साधारण एक सेंटिमीटर कमी भरलं, तर १९८ आलं. तोंड पसरट असल्यामुळे वरच्या एवढ्याशा पट्टीतच पन्नासेक मिली मावतं. याच कारणाने निम्म्या उंचीपर्यंत भरलेलं म्हणजे अर्धं फुलपात्र नव्हे, त्याहून कमी असतं.

तुमचं तुम्ही मोजा, दिसायला सारखी असली तरी माझ्या आकड्यावर जाऊ नका. गावी येणाऱ्या दादाबरोबर डिजिटल काटा पाठवतेय. फुलपात्र बाहेरून कोरडं पुसा, पंखा बंद करा (वाऱ्याने आकडा नाचतो), रिकामं ठेवून टेअरचं बटण दाबा म्हणजे शून्य येईल. मग आई रोज भरते तसंच भरा. आई, मुद्दाम जपून नको, पाहुण्याला देतेस तसं! काठापर्यंत गेलं की पाणी काठाच्या वर फुगून उभं राहतं, सांडत नाही. तेही दोन-चार मिली असतं.

काटा येईपर्यंत एक लिटरची सीलबंद बाटली फोडून बघा. तुम्ही ठरवलेल्या खुणेपर्यंत भरून पाच फुलपात्रांत ती संपली, तर खूण २०० ची. चारातच संपली तर २५० ची.

तांदूळ किंवा पीठ घालून मात्र वजन करू नका, त्यांचे ग्रॅम आणि मिली जुळत नाहीत. मोदकाच्या उकडीला यातलं काहीच लागत नाही. पीठ आणि पाणी एकाच वाटीने घेतेस ना, मग वाटी केवढीही असो.

रोजचा हिशेब सोपा करायचा तर सकाळी १२०० मिली मोजून तांब्यात काढून ठेवा. बाबांनी चहा घेतला की तेवढंच पाणी त्यातून कपाने काढून तुळशीला घाला. तांब्या रिकामा झाला की त्या दिवसाचं संपलं. पेजेचं पाणी विसरू नका, आणि बाबा, दुपारचं सरबतही त्यातच!

काटा मिळाला की आकडा कळवा.

तुमची,
सुमा