लेन्स लावल्यावर चष्मा कशाला?

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

बाबा, काल फोनवर तुम्ही विचारलंत, "डोळ्यात लेन्स आहे, मग वर चष्म्याचं ओझं कशाला?" पिल्लाच्या रडण्यात उत्तर अर्धंच राहिलं, म्हणून लिहायला बसले.

सहाव्या आठवड्यात दोन्ही डोळ्यांतला मोतीबिंदू काढला, म्हणजे डोळ्याचं स्वतःचं भिंगच काढलं. आपलं भिंग जवळचं पाहताना फुगतं, लांबचं पाहताना सपाट होतं. त्याच्या बदली लावलेल्या कॉन्टॅक्ट लेन्सला हे जमत नाही, ती एकाच अंतरासाठी असते. तान्हेपणी त्याचं जग म्हणजे माझा चेहरा आणि हातातला खुळखुळा. म्हणून लांबचं दिसायला +२६ लागत असताना डॉक्टरांनी मुद्दाम +२९ ची लेन्स दिली होती. ते तीन नंबर जास्त असल्यामुळे साधारण फूटभर अंतरावरचं त्याला स्पष्ट दिसायचं, लांबचं धूसर.

आता तो अडीच वर्षांचा आहे, दारापर्यंत धावतो. म्हणून लेन्स लांबच्या नंबरची केली आणि जवळचे +३ चष्म्याच्या खालच्या भागात आले. चष्म्यातली ती आडवी रेघ बुबुळाच्या मध्यावर यावी लागते. चष्मा नाकावरून घसरला की तो रेघेच्या वरून बघतो आणि पुस्तकातलं चित्र धूसरच राहतं. परवा तो पान नाकाला चिकटवून बसला होता. चष्मा नीट वर सरकवला, तसं त्याने पान आपणहून लांब धरलं. या वयात मेंदू पाहायला शिकत असतो. धूसर चित्रच मिळत राहिलं तर नजर मंद राहते आणि पुढे नंबर देऊनही ती पुरती सुधारत नाही.

आई, तू येशील तेव्हा लेन्स लावायला मला दोन हात जास्त मिळतील. नखं कापलेली हवीत, हात साबणाने धुऊन कोरडे केलेले. त्याला चादरीत गुंडाळून आडवं करायचं, तू डोकं धर. मी वरची पापणी उचलून लेन्सची कड तिच्याखाली सरकवते आणि मग खालची पापणी ओढून लेन्सवर घेते. काढताना दोन्ही पापण्यांच्या कडा लेन्सच्या वर-खाली दाबल्या की ती बाहेर येते. उजवी-डावीचे डबे वेगळे आहेत, अदलाबदल होऊ द्यायची नाही. नळाचं पाणी लेन्सला कधीच लावायचं नाही.

लेन्स दिसली नाही तर घाबरू नकोस, ती डोळ्यामागे जात नाही. बहुतेक वेळा वरच्या पापणीखाली सरकलेली असते, नाहीतर उशीवर सापडते.

पण डोळा लाल झाला, चिपडं आली, उजेडात तो डोळा उघडेना किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर लेन्स लगेच काढायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायचं. सकाळपर्यंत थांबायचं नाही. मी घरी नसले तरी तुम्ही दोघं निघा, फाइल कपाटाच्या वरच्या खणात आहे.

तुमची,
ताई