जन्मसाल नको, फाईल मागा

संपादक महोदय,

मी ५४ वर्षांचा अकाउंटंट, राहायला दांडिया बाजारात. मकरपुऱ्यातली २८ वर्षांची नोकरी दोन वर्षांपूर्वी गेली. त्यानंतरच्या मुलाखतींत पहिला प्रश्न, "काका, टॅली येतं ना?" आणि दुसरा जन्मसालाचा. बायोडेटाच्या पहिल्याच ओळीत मी '२८ वर्षांचा अनुभव' लिहीत असे. समोरचा त्याचा अर्थ 'जुन्या वहीचा माणूस' असा घ्यायचा, हे लक्षात यायला मला आठ मुलाखती लागल्या.

मग ती ओळ काढून तिथे खरेदीची बिलं आणि GSTR-2B, म्हणजे विकणाऱ्यांनी चढवलेल्या बिलांची जीएसटी पोर्टलवरची यादी, यांचा ताळमेळ लिहिला. नमुन्याची फाईलही बरोबर नेऊ लागलो. पार्ट्यांची नावं, जीएसटी नंबर, रकमा सगळं बदललेलं. जुन्या मालकाचे आकडे दाखवत हिंडणारा माणूस कोण ठेवेल?

१ जानेवारी २०२२पासून बिल 2Bमध्ये दिसल्याशिवाय त्यावरच्या कराचं क्रेडिट, म्हणजे वजावट, घेता येत नाही. 2B १४ तारखेला तयार होतं आणि दरमहा रिटर्न भरणाऱ्याला २० तारखेच्या आत पैसे भरायचे असतात. मधल्या दिवसांत शेकडो बिलं जुळवायची. पार्टीने भरलेला नंबर MK/0087/25-26 आणि आपल्या टॅलीत नुसतं 87, म्हणून मी एक्सेलच्या पॉवर क्वेरीत जीएसटी नंबर, तारीख आणि रक्कम यांवर जोड लावली होती.

ती फाईल एका ऑफिसात पंचविशीतल्या मुलीने उघडली आणि दोन मिनिटांत म्हणाली, "खरेदीच्या ओळी ४१२ होत्या, जोडल्यावर ४१४ कशा?" एका मेंटेनन्सवाल्याची एकाच दिवसाची, एकाच रकमेची दोन बिलं होती. प्रत्येक बिल समोरच्या दोन्हींना जुळलं, दोनाच्या चार ओळी झाल्या आणि तेवढं क्रेडिट फुगलं. चूक माझीच. तिच्यासमोरच दोन्ही याद्यांत अशा बिलांना अनुक्रमांक दिला आणि तोही जोडीत घेतला. ओळी पुन्हा ४१२.

मग तिने जुळत नसलेलं एक बिल दाखवलं. ती पार्टी तिमाही रिटर्न भरणारी होती. अशा पार्टीने पुढच्या महिन्याच्या १३ तारखेपर्यंत बिल स्वतंत्रपणे चढवलं नाही, तर ते बहुधा तिमाही संपल्यावरच दिसतं. तोवर फोन करून भांडण्यात अर्थ नसतो, हे मी सांगितलं तेव्हा तिने वही काढली. (बडोद्यात अजून वही निघते, बरं वाटलं.)

ती नोकरी मिळाली नाही, पगारावर अडलं. पण महिन्याभराने त्याच मुलीने दुसऱ्या ऑफिसात माझं नाव सुचवलं. आज तिथे आठवड्यातले तीन दिवस जातो.

आपल्या गावातल्या मालकांना एवढीच विनंती: जन्मसाल विचारण्याआधी एक विस्कटलेली फाईल आणि एक तास द्या. पंचविशीतल्या उमेदवारालाही तीच फाईल द्या.

आपला,
एक वाचक, बडोदे