विमा पॉलिसीच्या चुकीच्या सारांशाबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक,
पॉलिसी सारांश व भाषांतर सेवा

विषय : आमच्या व्यावसायिक मालमत्ता पॉलिसीतील एक्सक्लूजनचा सारांश दुरुस्त करून देणे व शुल्क परत करणे.

महोदय,

आपल्या ग्राहक कक्षाशी झालेल्या शेवटच्या फोननंतर आता लेखी तक्रार करण्यावाचून पर्याय उरलेला नाही. आमची पॉलिसी परदेशी भाषेत आहे आणि ती भाषा आमच्या मालकांना वाचता येत नाही. त्यांना एवढंच हवं होतं की विमा कुठे आहे, कुठे नाही, आणि जिथे नाही तिथे नूतनीकरणाच्या वेळी वाढीव संरक्षण घ्यायचं की नाही, हे ठरवता यावं. आपण त्याचे पैसे आगाऊ घेतलेत आणि दोन पानांचा तक्ता दिलात. डावीकडे जोखमीचं नाव आणि उजवीकडे ‘समाविष्ट’ किंवा ‘वगळले’. त्या तक्त्यावर विसंबून मालकांनी वाढीव संरक्षण नाकारायचं ठरवलं होतं. मी मूळ पॉलिसी एका जाणकाराकडून कलमवार वाचून घेतली नसती, तर तो निर्णय आजवर विमा कंपनीकडे पोहोचलाही असता.

आपल्या तक्त्यात ‘पूर : वगळले’ आणि त्याच्या खालीच ‘पाण्यामुळे नुकसान : समाविष्ट’ असं लिहिलं आहे. मालकांनी ते वाचलं आणि म्हणाले, आपली इमारत नदीपासून लांब आणि उंचावर आहे, पुराची भीती नाही, बाकी पाणी समाविष्ट आहे, मग काळजी कशाची? तक्ता वाचणारा कोणीही हेच म्हणेल. पण मूळ पॉलिसीत पूर म्हणजे नुसतं नदीचं पाणी नाही. व्याख्येच्या कलमात जमिनीवर साठलेलं पावसाचं पाणी आहे, आणि गटार तुंबून सांडपाण्याच्या नळीतून उलटं वर येणारं पाणीही आहे. ‘समाविष्ट’ असलेलं पाणी म्हणजे फक्त इमारतीतली पाण्याची पाइपलाइन फुटून किंवा गळून आलेलं पाणी. आमचा कच्चा माल तळघरात आहे आणि तळघराच्या जमिनीत सांडपाण्याची जाळी आहे. मुसळधार पावसात पाणी आत येईल ते तिथूनच. म्हणजे आमची सगळ्यात मोठी जोखीम आपल्या तक्त्यात ‘समाविष्ट’ या शब्दाखाली झाकली गेली.

पुराच्या एक्सक्लूजनच्या सुरुवातीला एक वाक्य आहे, तेही आपण गाळलंत. ते म्हणतं, नुकसानीला दुसरं कोणतंही कारण आधी, नंतर किंवा एकाच वेळी जोडलेलं असलं तरी हे एक्सक्लूजन लागू राहील. समजा, वादळात छपराचा पत्रा उडाला, पाऊस आत आला आणि त्याच रात्री गटारही तुंबलं. तळघरातल्या मालाचं नुकसान वादळाने झालं असा दावा आम्ही करू, आणि विमा कंपनी या एका वाक्यावर बोट ठेवून तो नाकारू शकेल. आपल्या तक्त्यात वादळापुढे ‘समाविष्ट’ आहे. त्यापुढे या वाक्याचा उल्लेख तरी हवा होता.

पॉलिसीच्या अखेरीस मूळ कलमांत बदल करणारी एंडोर्समेंट जोडलेली आहेत. त्यातल्या एकाने गटाराच्या उलट्या पाण्याचं संरक्षण परत दिलेलं आहे, पण मर्यादेसह आणि अटींसह. मर्यादा आहे मालाच्या एकूण विमा रकमेच्या ५ टक्के, आणि देय रकमेतून १० टक्के आम्ही सोसायचे. अटी दोन आहेत : तळघरातला माल जमिनीपासून किमान १२ सेंटिमीटर उंच ठेवलेला हवा, आणि सांडपाण्याच्या नळीला उलटा प्रवाह रोखणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवून तो चालू स्थितीत ठेवलेला हवा. हे एंडोर्समेंट आपल्या तक्त्यात कुठेच नाही.

याचा हिशेब आपण करून द्यायला हवा होता. तो मी करून दाखवतो. मालाची एकूण विमा रक्कम १०० धरा. त्यातला साधारण २० चा माल तळघरात असतो. तो सगळा भिजला तर नुकसान २०. एंडोर्समेंटची मर्यादा ५, त्यातून १० टक्के गेले की हातात येतील साडेचार. उरलेले साडेपंधरा मालकांच्या खिशातून. आणि हे सगळं दोन्ही अटी पाळल्या असतील तर. आमच्या तळघरात खालचे खोके थेट फरशीवर असतात आणि व्हॉल्व्ह बसवलेला नाही. त्यामुळे आजच्या स्थितीत ते साडेचारही अडवले जाऊ शकतात. लाकडी पॅलेट आणि एक व्हॉल्व्ह यांनी सुटणारी ही गोष्ट आहे. मालकांना कळलं असतं तर त्यांनी ती लगेच करून घेतली असती.

उलट्या बाजूची चूकही तितकीच गंभीर आहे. ‘विजेच्या यंत्रातील बिघाड : वगळले’ असं आपण लिहिलंत आणि तिथेच थांबलात. मूळ कलम पुढे म्हणतं की अशा बिघाडातून आग लागली तर त्या आगीचं नुकसान मात्र भरून दिलं जाईल. जळालेली मोटर मिळणार नाही, पण मोटरमुळे पेटलेली खोली मिळेल. आपला तक्ता वाचून मालक शॉर्टसर्किटच्या आगीसाठी वेगळी पॉलिसी घ्यायला निघाले होते. जे संरक्षण हातात आहे ते पुन्हा विकत घ्यायचं, आणि जे नाही ते आहे असं समजायचं, अशी दोन्हीकडून फसगत या दोन पानांनी केली. एक्सक्लूजनचं वाक्य ‘परंतु’पाशी तोडलं तर उरलेला अर्धा भाग मूळ अर्थाच्या उलट सांगतो. ‘परंतु’नंतरचं वाचणं हेच तर आपलं काम होतं.

व्यवसाय बंद राहिल्यामुळे होणाऱ्या तोट्याच्या विभागापुढे आपण ‘स्वतंत्र एक्सक्लूजन नाहीत’ असं लिहिलंत. त्या विभागात तशी यादी नाही हे खरं. कारण त्याच्या पहिल्याच कलमात अट आहे की, आधी मालमत्ता विभागाखाली मान्य होणारं भौतिक नुकसान झालेलं असलं पाहिजे. म्हणजे मालमत्ता विभागातलं प्रत्येक एक्सक्लूजन इथेही लागू होतं. गटाराच्या पाण्याने तळघर भरलं, काम आठवडेच्या आठवडे बंद पडलं आणि मालाचा दावा फेटाळला गेला, तर बुडालेल्या नफ्याचा दावाही त्याच्याबरोबर जातो. बाहेरून येणारा वीजपुरवठा खंडित होऊन काम थांबलं तर आमच्या आवारात काही मोडलेलंच नसतं, त्यामुळे तोही तोटा बाहेर. ‘एक्सक्लूजन नाहीत’ हे वाचून मालकांच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं होतं, ते मला पाहावलं नाही.

आता तो फोन. आपल्याकडे कॉल रेकॉर्ड होतात असं सुरुवातीलाच ऐकवलं जातं, तेव्हा तो काढून ऐका. मी एंडोर्समेंटबद्दल विचारलं. आपले प्रतिनिधी म्हणाले, “तुम्ही एक्सक्लूजनचा सारांश मागितला होता. एंडोर्समेंट हा वेगळा भाग आहे, त्याचं शुल्क वेगळं.” मी म्हटलं, एंडोर्समेंटने ज्या एक्सक्लूजनचा अर्थ बदलतो ते आधी सांगायचं आणि बदल सांगायचा नाही, हा सारांश कसा? त्यावर उत्तर आलं, “ग्राहकांना सोपं हवं असतं. अटी-शर्ती घातल्या की मालक लोक वाचतच नाहीत.” मी म्हटलं, आमचे मालक प्रत्येक ओळ वाचतात, म्हणूनच चुकीच्या ओळीवर निर्णय घेणार होते. मग त्यांनी माझं बोलणं मध्येच तोडून विचारलं, “सर, तुमचं काही नुकसान झालंय का? पाणी आलंय? नाही ना? मग तक्रार नेमकी कशाची आहे?” मी काही बोलायच्या आत पुढचं वाक्य आलं : “सारांशाखाली लिहिलंय ना, मूळ पॉलिसीच ग्राह्य. मूळ पॉलिसी वाचायला हवी होती.” मूळ पॉलिसी वाचता येत असती तर आपल्याला पैसे कशासाठी दिले असते? हा प्रश्न मी विचारला. फोन होल्डवर गेला आणि नंतर तुटला. परत कोणी केला नाही.

नुकसान झाल्याशिवाय तक्रार करायची नाही, हे विम्याचं काम करणाऱ्या संस्थेने सांगावं याचा मला मनापासून राग आला आहे. संरक्षणातली भोकं शोधायची ती पाणी यायच्या आधी. पाणी आल्यावर ती शोधायला क्लेमचा सर्व्हेअर येतोच, आणि तो आपल्या तक्त्याकडे पाहणारही नाही. मूळ पॉलिसी ग्राह्य ही ओळ योग्यच आहे, कायद्याने तसंच असतं. पण त्या ओळीमुळे चुकीचा सारांश बरोबर ठरत नाही. आणि पुन्हा सांगतो, एंडोर्समेंट वगळून एक्सक्लूजनचा सारांश होऊच शकत नाही.

आपली शिफारस मी स्वतः मालकांकडे केली होती, कारण आधीच्या एका छोट्या कामात आपल्या लोकांनी कलम क्रमांकासह नेटका मजकूर दिला होता. त्या कामामागची माणसं गेली की काय, माहीत नाही. यावेळच्या तक्त्यात एकाही ओळीपुढे कलम किंवा पान क्रमांक नाही, त्यामुळे पडताळणीसाठी सगळी पॉलिसी पहिल्यापासून चाळावी लागली.

माझी मागणी अशी : नूतनीकरणाच्या तारखेपूर्वी सारांश नव्याने द्या, आणि तो विम्याचं काम कळणाऱ्या माणसाकडून तपासून द्या. प्रत्येक एक्सक्लूजनपुढे कलम आणि पान क्रमांक, मूळ मजकूर, काय वगळलं, त्यातलं काय परत दिलं आणि कोणत्या मर्यादेत व अटीवर, हे सगळं एकाच ओळीत आलं पाहिजे. अटींच्या विभागात लपलेली एक्सक्लूजनही त्यात हवीत. उदाहरणार्थ, इमारत सलग ३० दिवस रिकामी राहिली तर चोरीचं आणि पाइप फुटीचं संरक्षण थांबतं, हे अटींच्या विभागात आहे आणि आपल्या तक्त्यात नाही. सोबत मालकांच्या नावे एक पत्र द्या की पहिल्या तक्त्यावर विसंबू नये. शुल्क पूर्ण परत हवं. दुरुस्त सारांशासाठी नवीन शुल्क मी देणार नाही.

पंधरवड्यात लेखी उत्तर आलं नाही, तर हे पत्र, तक्ता आणि मूळ कलमं अशी एकत्र फाइल घेऊन मी ग्राहक तक्रार निवारणाकडे जाईन. आमच्यासारखे परदेशी भाषेतल्या पॉलिसी घेणारे जे व्यावसायिक माझ्या ओळखीचे आहेत, त्यांनाही ही दोन पानं मूळ कलमांशेजारी ठेवून दाखवीन.

उत्तर फोनवर नको, लेखीच द्यावे.

आपला,
वित्त व लेखा व्यवस्थापक

सोबत : आपला तक्ता, व्याख्या व एक्सक्लूजनची पाने, उलट्या पाण्याचे एंडोर्समेंट, शुल्काची पावती.