खुर्ची घेण्याआधी दिवा बघ

सातारा,
रविवार

प्रिय मंदार,
सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. पाठीचं रडगाणं वाचलं, आणि दहा-बारा हजारांची ऑफिसची खुर्ची घ्यायचा तुझा बेतही वाचला. जरा थांब. तू खोलीचा जो नकाशा काढून पाठवलास (चित्रकला अजून तशीच आहे!) त्यात टेबल भिंतीला लावलेलं आहे आणि ट्यूबलाइट तुझ्या पाठीमागच्या भिंतीवर. मला वाटतं, दुखणं तिथून सुरू होतंय. माझं काम डोळे तपासण्याचं. पण डोळ्यांची तक्रार घेऊन येणारी अभ्यासाची मुलं मान चोळतच खुर्चीत बसतात, हे रोज बघतो.

होतं काय, ते सांगतो. उजेड मागून आला की तुझ्याच डोक्याची आणि खांद्यांची सावली पुस्तकावर पडते. अक्षर पुसट दिसायला लागलं की आपण नकळत पुढे झुकतो. चाळीस सेंटिमीटरवर असलेलं पान वीसवर येतं. चाळीसवर वाचताना डोळ्याच्या भिंगाला अडीच डायॉप्टर जोर लावावा लागतो, वीसवर पाच. म्हणजे अंतर निम्मं झालं की मेहनत दुप्पट. शिवाय दोन्ही डोळे नाकाकडे जास्त वळवून धरावे लागतात, ते वेगळंच. हे तासन् तास चाललं की कपाळ ठणकतं आणि मान वर केल्यावर समोरचं कॅलेंडर क्षणभर धूसर दिसतं. तू लिहिलंस ना, संध्याकाळी लांबचं अंधुक दिसतं म्हणून? जवळ बघून आवळलेला स्नायू लगेच सैल होत नाही, बहुधा त्याचाच हा प्रकार. आणि डोकं पुढे गेलं की कंबरही गोल होते. पुढे वाकून बसल्यावर मणक्यांमधल्या गादीवर उभं असतानापेक्षा बराच जास्त दाब येतो. महागाची खुर्ची घेतलीस तरी तिच्या पाठीला तुझी पाठ टेकणारच नाही, कारण डोळे तुला पुढे ओढत राहतील.

म्हणून आधी दिवा. हलवता येणारा, मान वाकवता येणारा साधा टेबललॅम्प घे, ज्याच्या टोपीतून बल्ब डोळ्यांना दिसणार नाही असा. त्यात नऊ वॅटचा एलईडी पुरे. बारीक छपाईच्या पानावर पाचशे लक्सच्या आसपास उजेड असावा असं धरतात. पाठीमागच्या ट्यूबचा तुझ्या पानावर शंभरही पोचत असेल असं वाटत नाही. वॅट वाढवण्यापेक्षा दिवा जवळ आणण्याचा फायदा मोठा, कारण अंतर निम्मं केलं की उजेड चौपट होतो. दिवा पानापासून हातभर अंतरावर, डाव्या बाजूला, किंचित पुढे ठेव. तू उजव्या हाताने लिहितोस, तेव्हा हाताची सावली ओळीवर येणार नाही. राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाल्यापासून तुमचं लिहिणंही वाढलंय, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

जागा बरोबर आहे का, हे कसं ओळखायचं? पुस्तकाच्या मधोमध छोटा आरसा सपाट ठेव आणि नेहमीसारखा बस. आरशात बल्ब दिसला तर गुळगुळीत कागदावरही तोच चमकणार. दिवा बाजूला सरकव, दिसेनासा होईपर्यंत. मग पानावर पेन्सिल उभी धर. सावली गडद आणि तुझ्याकडे येणारी असेल तर अजून जागा चुकलीय. ट्यूब मात्र बंद करू नकोस. काळोख्या खोलीत एकच उजळ पान असलं की नजर वर-खाली करताना डोळ्यांना सारखं जुळवून घ्यावं लागतं. बल्ब स्वस्तातला असेल तर मोबाइलच्या स्लो-मोशनमध्ये त्याचं चित्रण करून बघ. पट्टे सरकताना किंवा उजेड लपलपताना ठळक दिसला तर तो बल्ब बाथरूमला लाव. निळा उजेड अडवणाऱ्या चष्म्यावर पैसे घालवू नकोस. २०२३ साली कोक्रेन या वैद्यकीय संशोधन पारखणाऱ्या संस्थेने त्यावरच्या अभ्यासांचा आढावा घेतला, त्यात डोळ्यांच्या थकव्याला त्याचा काही खास उपयोग दिसला नाही.

आता पुस्तक. टेबलावर सपाट पडलेलं जाडजूड पुस्तक मान खाली ओढतंच. जुन्या पेढीवरचे दिवाणजी उतरत्या डेस्कवर खतावणी लिहायचे, ती सोय तुलाही करता येईल. सुतारकामाची गरज नाही. चाळीस सेंटिमीटर लांबीची प्लायची फळी घे, तिची मागची कड चौदा सेंटिमीटर उचल, म्हणजे वीसेक अंशांचा उतार मिळतो. तुझ्या जुन्या प्रश्नसंचांची चळत एवढीच असेल. पुढच्या कडेला पट्टी ठोक, पुस्तक घसरणार नाही. अंतर मोजायला कोपर टेबलावर टेकव आणि मूठ गालाला लाव. साधारण तेवढं अंतर पान आणि डोळे यांच्यात राहू दे.

खुर्ची आहे तीच वापर. कंबरेच्या खोलगट भागात टॉवेलची गुंडाळी लाव, आणि पाय अधांतरी राहत असतील तर खाली रद्दीचा गठ्ठा. बिछान्यावर पालथं पडून वाचणं मात्र बंद. तू ते आराम म्हणून करतोस, पण त्यात मान मागे मोडलेली असते आणि पुस्तक वितीवर.

सुट्टीबद्दल. वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांवर बघा, हे तू कुठेतरी वाचलंच असशील. वीस मिनिटांच्या आकड्याला फार भक्कम पुरावा आहे असं नाही, पण अंतरामागे कारण आहे: सहा मीटरपलीकडे बघताना निरोगी डोळ्याला जवळजवळ जोर लावावाच लागत नाही. तुझी खोली दहा फुटांची, म्हणून भिंतीकडे बघून भागणार नाही, खिडकीशी जाऊन समोरच्या इमारतीची गच्ची बघ. तिथे उभा असताना डोळे पूर्ण मिटून सावकाश उघड-झाप कर. एकाग्र वाचनात पापण्या फार कमी लवतात, त्यात तुझा टेबलफॅन थेट तोंडावर. खुपतं आणि चुरचुरतं ते त्याने. पंखा पायांकडे वळव. पाठीसाठी अर्ध्या तासाने उठणं पुरतं, आणि आठवण राहत नसेल तर पाण्याची बाटली टेबलावर ठेवूच नको, माठ बाहेर ठेव. सगळ्यात चांगली बसण्याची पद्धत घेऊनही दोन तास न हलता बसलास तर पाठ धरणारच.

एवढं करून दोनेक आठवडे बघ. एक चाचणी मात्र आजच कर. पेन्सिलचं टोक हातभर लांबून हळूहळू नाकाकडे आण. ते चार बोटांपेक्षा पुष्कळ लांब असतानाच दोन दिसायला लागलं, किंवा वाचताना ओळी एकमेकींत मिसळत असतील, तर दिव्याने काही होणार नाही. डोळे नीट तपासावे लागतील. बारीकसा नंबर लपलेला असतो, तोही असाच छळतो. आणि पाठीची कळ पायात उतरली किंवा पायाला मुंग्या आल्या तर माझ्या सल्ल्याची वाट न बघता हाडांच्या डॉक्टरकडे जा.

पूर्वपरीक्षेनंतर इकडे येशील तेव्हा जुना चष्मा घेऊन ये, नंबर मीच काढतो. आणि पेन्सिल कुठे दोन झाली ते पट्टीने मोजून कळव, अंदाजे नको. काकूंना नमस्कार.

तुझा,
अविनाश