समासात लिहायचं ते वाक्य, शब्द नव्हे

मा. संपादक,
स. न.

नेमलेल्या पुस्तकावर निबंध लिहिताना विद्यार्थी कथानकच सांगत बसतात, अशी तक्रार करणारे पत्र आपल्या अंकात वाचले. तक्रार रास्त आहे. पण या दुखण्याचे मूळ मला परीक्षेच्या दिवशी नव्हे, त्याच्या खूप आधी, पुस्तकाच्या समासात दिसते. बरीच वर्षे भाषा शिकवल्यामुळे मुलांची पुस्तके चाळायची खोड आहे. निम्मे पान हायलायटरने पिवळे केलेले असते आणि शेजारी 'महत्त्वाचे', 'स्वभाव', 'प्रतीक' असे सुटे शब्द. महिन्याभराने या शब्दांवरून त्या मुलालाच काही आठवत नाही, मग निबंध कुठून येणार?

मी सांगतो ती पद्धत साधी आहे. पहिले वाचन पेन्सिल खाली ठेवून करायचे, कारण शेवट ठाऊक नसताना काय लक्षात घ्यावे हे कळत नाही. दुसऱ्या वाचनात एका पानावर फार तर दोन ठिकाणी रेघ मारायची आणि प्रत्येक रेघेशेजारी क्रियापद असलेले छोटे वाक्य लिहायचे. ही क्रियापदाची अट मुलांना जाचक वाटते, पण खरे काम तीच करते. 'स्वभाव' लिहायला विचार लागत नाही. पात्र काय बोलते आणि काय करते, हे लिहायला लागतो.

उदाहरणादाखल एक कल्पित कथा घेऊ. पंधरा पानांची, दोन भावांच्या वाटणीची. थोरला तीनदा म्हणतो, "मला काही नको." बहुतेक मुले पहिल्याच वेळी 'त्यागी' असे लिहून मोकळी होतात. नीट टिपणारी मुलगी पान ४ वर लिहिते, 'नको म्हणतो, पण किल्ल्या खिशात टाकतो.' पान ९ वर, 'बहिणीसमोर तेच म्हणतो, आवाज चढवतो.' पान १४ वर, 'कोणी विचारले नसताना म्हणतो. पाहा पृ. ४.' हा उलटा पृष्ठ-निर्देश फार मोलाचा, कारण लांब अंतरावरची दोन ठिकाणे त्याने एकमेकांना बांधली जातात आणि निबंधाचा परिच्छेद बहुधा अशा जोडीतूनच उभा राहतो.

तिसऱ्या फेरीत मूळ मजकूर वाचायचाच नाही, फक्त समास वाचायचा. जे पुन्हा पुन्हा आले ते शेवटच्या कोऱ्या पानावर पृष्ठांकांसह उतरवायचे आणि त्याखाली एका वाक्यात आपले मत लिहायचे. आपली मुलगी लिहिते, 'थोरल्याचा त्याग म्हणजे हक्क सांगण्याचीच एक तऱ्हा आहे.' मत चांगले आहे, पण पान १२ आडवे येते. तिथे तिचीच नोंद आहे, 'अंगठी मोडून धाकट्याचे कर्ज फेडतो, कोणाला सांगत नाही.' इथे कच्चा विद्यार्थी पान १२ सोडून देतो. तिने मत बदलले, 'चारचौघांत तो त्यागाचा देखावा करतो, खरे देतो ते कोणी पाहत नसताना.' आता निबंधाला कणा आला. पान ४, ९ आणि १४ एका बाजूला, पान १२ दुसऱ्या बाजूला, आणि दोन्हींचा मेळ शेवटच्या परिच्छेदात. 'थोरल्या भावाचे व्यक्तिचित्रण करा' असा प्रश्न येवो की 'कथेतील नातेसंबंधांवर लिहा' असा, हाच माल थोडा फिरवून वापरता येतो. पुस्तक जवळ नसलेल्या परीक्षेतही किल्ल्या आणि अंगठी आठवतात. पाठ केलेली विशेषणे मात्र विसरतात.

टिपणे जमली की नाही हे ओळखायला सोपे आहे. मजकूर झाकून फक्त समास वाचावा. गोष्ट पुन्हा सांगितल्यासारखे वाटले, तर तो सारांश झाला. 'असे का?' हा प्रश्न निदान एकदा तरी पडला पाहिजे.

पद्धतीला मर्यादा आहेत. कवितेत पानाला दोन रेघा पुरत नाहीत, तिथे ओळीगणिक थांबावे लागते. जाड कादंबरीत प्रत्येक पानावर हे करणे वेडेपणाचे, तिथे प्रकरणाच्या शेवटी दोन वाक्ये पुरेत. ग्रंथालयाच्या प्रतीत अर्थातच लिहायचे नाही, चिकटपट्टीच्या चिठ्ठ्या वापराव्यात. आणि सर्वांत वाईट प्रकार आम्हा शिक्षकांचाच: फळ्यावर टिपणे लिहून द्यायची आणि वर्गाने ती समासात उतरवायची. मग चाळीस पुस्तकांत एकच समास आणि चाळीस उत्तरपत्रिकांत एकच निबंध.

आपल्या विद्यार्थी पुरवणीत दर वर्षी नमुना निबंध छापून येतात. त्यांच्याऐवजी एकदा एखाद्या कथेची दोन पाने, एका विद्यार्थ्याने पेन्सिलीने लिहिलेल्या समासासकट, खाडाखोडीसह, जशीच्या तशी छापावीत, ही विनंती.

आपला,
एक भाषाशिक्षक